मोफत फेरी कितीला पडते? ठाण्यात पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेताना

फेब्रुवारीत मी पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन केला. "तिसरी सर्व्हिस कधी पाठवताय?" पलीकडच्या मुलीने जरा वेळ घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या तिन्ही झाल्यात. जून, जुलै, ऑक्टोबर."

जुलैत मी सर्व्हिस मागितलीच नव्हती, तक्रार केली होती. ओट्याखाली परत बारीक झुरळं दिसायला लागली म्हणून कंपनीचा मुलगा येऊन जेल लावून गेला होता. "गॅरंटीत आहे, पैसे नाहीत," असं म्हणून त्याने कार्डावर माझी सही घेतली. त्या कार्डावर 'कम्प्लेंट' असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, फक्त तारीख होती. म्हणजे मोफत फेरी वर्षाच्या तीन फेऱ्यांतूनच वजा झाली होती.

त्यानंतर आमच्या मजल्यासाठी कोटेशनं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यातून हा सगळा हिशेब लक्षात आला. मी घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत राहते, दोन बीएचके, दोन बाथरूम, एक ड्राय बाल्कनी. खालचे आकडे गेल्या दोन वर्षांत आमच्याकडे आलेल्या कोटेशनांचे आहेत. तुमच्याकडे शे-दोनशे इकडेतिकडे होतील, पण हिशेबाची रीत तीच राहील.

आधी झुरळ कोणतं ते बघा

'जनरल पेस्ट कंट्रोल' नावाखाली जे कॉन्ट्रॅक्ट विकलं जातं ते मुख्यतः झुरळं आणि मुंग्यांचं असतं. ढेकूण त्यात नसतात. त्यांची फवारणी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा करावी लागते, कारण अंड्यांवर औषध नीट चालत नाही आणि ती फुटल्यावर दुसरा हात मारावा लागतो. त्याचा दर बेडच्या संख्येवर ठरतो. वाळवीचं काम तर वेगळंच, भिंतीच्या कडेने ड्रिलने भोकं पाडून औषध सोडायचं आणि सिमेंटने बुजवायचं. त्याची वॉरंटीही वेगळी लिहून मिळते. तिन्ही एकाच आकड्यात कोणी देत असेल तर प्रत्येकाचा भाव सुटा मागा.

झुरळं दोन जातींची आणि कॉन्ट्रॅक्टच्या दृष्टीने हा फरक मोठा. बारीक, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळसर उभ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. ते घरातच राहतं, घरातच वाढतं: ट्रॉलीच्या बिजागऱ्यांत, फ्रिजच्या दाराच्या रबरात, मिक्सरच्या बुडाखाली. मादी अंड्यांची डबी पोटाला लावूनच फिरते. एका डबीत तीस-चाळीस अंडी, महिन्याभरात पिल्लं बाहेर, आणि आपल्या उकाड्यात दोन-तीन महिन्यांत ती पिल्लं स्वतः अंडी घालायला तयार. दुसरं ते मोठं, लालसर, उडणारं. ते गटारातलं आणि चेंबरमधलं. पावसात चेंबर भरलं की मोरीच्या जाळीतून, डक्टमधून वर येतं. घरात कितीही जेल लावलं तरी ते यायचं थांबत नाही, त्याला जाळी बसवणं आणि सोसायटीने चेंबरमध्ये फवारणी करून घेणं हाच उपाय. गॅरंटीवरून होणारी निम्मी भांडणं या मोठ्या झुरळावरून होतात, कारण कंपनी म्हणते "हे बाहेरून आलं" आणि ते खरंही असतं.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी तीन रात्री एक काम करा. दुकानात झुरळांचे चिकट कार्ड मिळतात. एक फ्रिजमागे, एक सिंकखाली आणि एक गॅस सिलिंडरशेजारी ठेवा. चौथ्या दिवशी मोजा आणि फोटो काढून ठेवा. आमच्याकडे सिंकखालच्या कार्डावर सतरा होती, त्यातली बहुतेक तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं. हा फोटो पुढे गॅरंटी मागताना कामाला येतो. "खूप झालीत हो" यावर कोणी हलत नाही, पण "आधी सतरा होती, आता बावीस आहेत" म्हटलं की बोलणं सरळ होतं.

घराच्या आकारावर भाव कसा ठरतो

तीन फेऱ्यांच्या झुरळ-मुंगी कॉन्ट्रॅक्टला आमच्याकडे एक बीएचकेला साधारण १,००० ते १,८००, दोन बीएचकेला १,२०० ते २,४०० आणि तीन बीएचकेला १,८०० ते ३,२०० असे भाव आले. एकच फेरी सुटी घेतली तर दोन बीएचकेला ८०० च्या आसपास.

एकाच आकाराच्या घराला जवळपास दुप्पट फरक आहे, पण एक खोली वाढली की भाव तेवढा वाढत नाही, हे बघा. कारण साधं आहे. जेल हॉल-बेडरूमला फारसं लागत नाही. ते लागतं स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये, आणि स्वयंपाकघर एक बीएचकेत एक तसं तीन बीएचकेतही एकच. जेलची नळी काही शे रुपयांची असते आणि ती दोन-तीन घरांना पुरते. कंपनीचा खरा खर्च माणसाच्या वेळेचा, पेट्रोलचा आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकचा.

त्यामुळे "आमचं साडेसहाशे स्क्वेअर फूटच आहे" म्हणून घासाघीस करण्यात अर्थ नाही. बाथरूम किती, ट्रॉल्या किती, ड्राय बाल्कनी आहे का, हे सांगा. मॉड्युलर किचनमध्ये तीसेक बिजागऱ्या असतात. तिथे ठिपके लावायला जुन्या कडाप्प्याच्या ओट्यापेक्षा दुप्पट वेळ जातो आणि तेवढे जास्त पैसे मागणं रास्त आहे. नवी मुंबईत सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहत असाल तर अंगणातलं चेंबर धरलंय का ते आधी विचारा. नसेल तर स्वस्त दिसणारं कोटेशन पावसाळ्यात महाग पडतं.

फेऱ्या किती, यापेक्षा कधी

बहुतेक कंपन्या तीन फेऱ्या चार-चार महिन्यांनी देतात. त्यांच्या कामाच्या सोयीला ते बरं, जर्मन झुरळाच्या हिशेबाला अजिबात नाही. पहिल्या फेरीत मोठी झुरळं जेल खाऊन मरतात. काही माद्यांच्या डब्या मात्र उरतात आणि तीन-चार आठवड्यांत त्यातून नवी पिल्लं निघतात. तोवर ठिपके सुकलेले, तेलकट झालेले किंवा बाईने फडक्याने पुसलेले. पुढची फेरी चार महिन्यांनी, म्हणजे या पिल्लांना मोठं होऊन अंडी घालायला पुरेपूर वेळ. माझी जुलैची तक्रार अशीच आली होती, पहिल्या फेरीनंतर बरोबर पाचव्या आठवड्यात. त्यात मुलाची चूक नव्हती. वेळापत्रकच तसं होतं.

म्हणून झुरळं बारीक असतील तर दुसरी फेरी पहिलीनंतर तीन आठवड्यांनी मागा. पुढच्या दोन निवांत चार-पाच महिन्यांच्या अंतराने चालतात. घरात नुसती अधूनमधून मोठी झुरळं दिसत असतील तर हे सगळं नको, पावसाळ्याआधी एक आणि गणपतीनंतर एक एवढ्यावर भागतं.

आपल्या घरांची एक खासियत कंपनीच्या तक्त्यात नसते: दिवाळीची साफसफाई. त्या चार दिवसांत ट्रॉल्या बाहेर निघतात, बिजागऱ्या साबणाने घासल्या जातात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं जेल पाण्याबरोबर मोरीत जातं. माझी ऑक्टोबरची फेरी अशीच वाया गेली. आता मी साफसफाई आटोपल्यावरचीच तारीख घेते.

दर महिन्याची फेरी घरासाठी फुकटचा खर्च आहे. घरून डबे देत असाल किंवा खाली खानावळ असेल तर गोष्ट वेगळी.

गॅरंटीच्या फेरीची किंमत काढायची रीत

कोटेशनं समोर ठेवली की आपण एका फेरीचा भाव काढतो आणि फसतो. त्याऐवजी वाईट वर्षाचा हिशेब करा. वर्षात दोनदा तक्रार करावी लागली, तर शेवटी खिशातून किती गेले असते?

माझ्यासमोर तीन कागद होते. पहिला माझ्या जुन्या कंपनीचा: तीन फेऱ्या, १,२०० रुपये, बिलावर जीएसटी नाही, 'एक वर्ष गॅरंटी' एवढेच शब्द. दुसरा: चार फेऱ्या, २,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४३२, म्हणजे २,८३२. यात तक्रारीच्या फेऱ्या वेगळ्या आणि मोफत, तसं लिहून दिलेलं. तिसरा दर महिन्याच्या फेरीचा: ४,८०० अधिक जीएसटी ८६४, म्हणजे ५,६६४. तो मी बाजूला ठेवला.

पहिल्याच्या एका फेरीला ४०० पडतात, दुसऱ्याच्या ७०८. कोणीही पहिला उचलेल. आता एक तक्रार घाला. पहिल्यात ती तीनांतून वजा होणार, म्हणजे वर्षाची तिसरी फेरी सुटी ८०० ला घ्यावी लागणार. एकूण २,०००. दुसऱ्यात २,८३२ च. अजूनही पहिला स्वस्त. दोन तक्रारी घाला. पहिल्यात दोन फेऱ्या गेल्या, त्या १,६०० ला परत घेतल्या, एकूण २,८००, आणि हाती आल्या पाच फेऱ्या. दुसऱ्यात २,८३२ मध्ये सहा.

म्हणजे दोन तक्रारींना दोन्ही कागद सारखे होतात. तिसरी तक्रार आली की स्वस्त कॉन्ट्रॅक्ट महाग. मला या हिशेबाचा उपयोग असा झाला की आपल्याला कोणता कागद हवा ते आपलंच चिकट कार्ड सांगतं. तीन रात्रींत दोन-चार मोठी झुरळं सापडली असतील तर स्वस्तातलं घ्या, तक्रारीची वेळ बहुधा येणार नाही. पिल्लं जास्त असतील, दिवसाउजेडीही दिसत असतील, तर दोन तक्रारी धरूनच चाला.

कंपनी तक्रारीची फेरी वजा का करते, हेही मग कळलं. दुसऱ्या कंपनीचा सुपरवायझर बोलका होता. त्याचा ठोकताळा असा की मुलाचा पगार, पेट्रोल, जेल धरून त्यांना एक फेरी ३५० च्या घरात पडते. "ताई, बाराशेमध्ये तीन सर्व्हिस म्हणजे हजार-पन्नास खर्च. दीडशे उरले. त्यात चौथी फेरी फुकट कोण मारेल?" चोविसशेवाल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये चार फेऱ्यांचे १,४०० आणि दोन तक्रारींचे ७०० गेले तरी ३०० उरतात, म्हणून तिथे लिहून देणं परवडतं. मोफत फेरीचे पैसे आपण आधीच भरलेले असतात किंवा ती मिळतच नाही. '९९९ मध्ये वर्षभर अमर्याद सर्व्हिस' असं लिफ्टमध्ये चिकटवलेलं दिसलं की मी आता हा ३५० चा आकडा मनात धरते.

कागदावर काय लिहून घ्यायचं

'गॅरंटी' या शब्दाला काही अर्थ नाही, त्याखालच्या ओळींना आहे. सगळ्यात आधी हे वाक्य: तक्रारीची फेरी ठरलेल्या फेऱ्यांतून वजा होणार नाही. पाठोपाठ संख्या. 'अमर्याद' पेक्षा 'दोन' लिहून घेतलेलं मला बरं वाटतं, कारण दोन ते देतात. तिसरीला किती घेणार तो आकडाही तिथेच, जीएसटीसकट. तक्रार केल्यापासून किती तासांत येणार हे लिहा, ४८ तास रास्त आहेत.

तक्रार कधीपासून धरायची हेही ठरलेलं असावं. जेल लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस झुरळं उलट जास्त दिसतात, झिंगल्यासारखी उघड्यावर येऊन मरतात. त्या दिवसांत फोन केलात तर कंपनी "थांबा" म्हणेल आणि ते बरोबर आहे. पंधराव्या दिवशी परत तीन रात्री कार्ड ठेवा. आकडा निम्म्याच्याही वर असेल तर फोन करा. कार्डावर काय सापडलं तेही बघा. नुसती बारीक पिल्लं असतील तर उरलेल्या डब्या फुटल्या आहेत, पुढच्या फेरीत आटोपेल. मोठी, पोटाला डबी लावलेली मादी असेल तर जेल खाल्लंच जात नाहीये किंवा शेजारून डक्टमधून येतायत, अशा वेळी त्यांना दुसऱ्या घटकाचं जेल आणायला सांगा. नळीवर नाव असतं, इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल. एक चाललं नाही तर दुसरं.

गॅरंटी कशाने रद्द होते ती ओळ बारीक अक्षरात असते, ती नीट वाचा. स्वतः फवारा मारला तर रद्द, ही अट जवळपास सगळीकडे आहे आणि तिला कारण आहे: बाजारातल्या फवाऱ्याच्या वासाने झुरळं त्या जागेपासून लांब जातात आणि जेलला तोंड लावत नाहीत. जुलैत रात्री पाणी प्यायला उठल्यावर मी तेच केलं होतं, हे इथे कबूल करून टाकते. नळ गळत असेल, घरात सुताराचं किंवा रंगाचं काम निघालं, ठरलेल्या दिवशी ओटा रिकामा नव्हता, याही अटी असतात. सुतारकाम ठरलेलं असेल तर ते संपल्यावरच कॉन्ट्रॅक्ट सुरू करा.

जीएसटी लावलाय तर बिलावर जीएसटी नंबर हवाच. नंबर नसताना १८ टक्के मागत असतील तर ते देऊ नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या धंद्याला नोंदणी लागत नाही, त्यामुळे बिनजीएसटीचं बिल म्हणजे लबाडीच असं नाही. परवान्याचं मात्र तसं नाही. कीटकनाशक कायदा १९६८ खाली पेस्ट कंट्रोलच्या धंद्याला परवाना लागतो, आपल्याकडे तो राज्याचं कृषी खातं देतं. त्याची प्रत व्हॉट्सअॅपवर मागायला लाजू नका.

पैसे एकदम देऊ नका. पहिल्या फेरीला अर्धे आणि उरलेले दुसरीनंतर. दुसरी फेरी तीन आठवड्यांनीच असल्यामुळे कंपन्या याला फार खळखळ करत नाहीत.

फेरीच्या दिवशी

मुलगा दहा मिनिटांत निघाला तर काम झालेलं नाही. दोन बीएचकेला नीट लावायला पाऊण तास जातो. नळी सीलबंद आहे का ते बघा आणि ठिपके कुठे पडतायत तेही. मसुराच्या दाण्याएवढा ठिपका बिजागरीच्या आत, ट्रॉलीच्या रुळामागे, सिंकच्या पाइपाभोवती हवा. ओट्याच्या वरच्या कडेला, डोळ्यासमोर लांबलचक रेघ ओढली असेल तर ती तुम्हाला दाखवायला आहे, आणि संध्याकाळी फडक्याने जाणार आहे. मी ट्रॉलीच्या आतल्या ठिपक्यांचे मोबाइलवर फोटो काढते आणि कामाला येणाऱ्या मावशींना त्या जागा दाखवून ठेवते.

जाताना कार्डावर सही कराल तेव्हा तारखेशेजारी स्वतःच्या हाताने 'ठरलेली' किंवा 'तक्रार' लिहा आणि फोटो काढा. माझा सगळा घोळ या एका शब्दाने टळला असता. फेरी वजा केलीच आणि कार्डावर 'तक्रार' लिहिलेलं असेल, तर आधी लेखी मेल करा. नाही ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

शेवटी आम्ही काय घेतलं

दुसऱ्या कंपनीलाच बोलावलं, पण चार फेऱ्या घेतल्या नाहीत. तीन मागितल्या: पहिली, एकवीस दिवसांनी दुसरी आणि दिवाळीच्या साफसफाईनंतर तिसरी. शिवाय दोन तक्रारी वेगळ्या. भाव १,९०० आणि जीएसटी ३४२, एकूण २,२४२. वाईट वर्षातही एवढेच, दोन तक्रारी धरून पाच फेऱ्या.

सुपरवायझर आधी नको म्हणाला. मग मी मजल्यावरची चारही घरं एकाच दिवशी करू म्हटलं. त्याने मनात हिशेब केला, चार घरांचं पेट्रोल एकदाच, मुलगा एकाच इमारतीत, आणि तयार झाला. आमच्याही सोयीचं, कारण चारही स्वयंपाकघरांचा डक्ट एकच आहे. एकाच घरात जेल लावलं की बाकीच्या तिघांकडून झुरळं परत येतात हे आम्ही दोन वर्षं बघत होतो.

वर्षभरात मी एकदाच तक्रार केली, पावसाळ्यात. समोरच्या काकूंनी दोन्ही वापरल्या आणि तिसरीसाठी भांडून बघितलं. मिळाली नाही. कागदावर दोनच लिहिल्या होत्या.